‘सॉरी, चूक आमचीच’ लिहिण्याआधी : माल खराब झाला किंवा हरवला तर गिऱ्हाईकाला काय लिहायचं



आता आपल्यातली बरीच घरं लिलावाच्या पलीकडेही माल विकतात. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर येते, पेटी भरते, ट्रान्सपोर्टने पुण्याला, सोलापूरला, हैदराबादला जाते. पैसेही फोनवरच येतात. माल चांगला पोचला तर काही प्रश्न नाही. पण माल खराब निघाला किंवा वाटेत गायब झाला, की आपण घाईघाईत एक निरोप टाकतो : “सॉरी हो, चूक आमचीच झाली.” मनाने आपण सरळ असतो, गिऱ्हाईक तुटू नये असंही वाटतं, म्हणून असं लिहिलं जातं. आज त्याच एका ओळीबद्दल बोलूया. कारण ती ओळ गिऱ्हाईकाच्या फोनवर कायमची राहते, आणि पुढे ती विमा कंपनी, ट्रान्सपोर्टवाला आणि ग्राहक आयोग हे तिघंही वाचू शकतात.

एक उदाहरण घेऊ

समजा, हर्णै बंदरावरच्या एका बोटमालकाला हैदराबादहून दोन ऑर्डर आल्या. दोन्ही नल्लकुंट्याच्या. काचीगुडा स्टेशनजवळचा हा भाग. हैदराबादेत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि त्यांना आपल्याकडची मासळी हवी असते. पहिली ऑर्डर एका काकूंची : घरच्या कार्यासाठी १० किलो सुरमई, किलोला ८०० रुपये, म्हणजे ८,००० रुपये. दुसरी ऑर्डर तिथल्या एका दुकानदाराची : विक्रीसाठी १५ किलो सुके बोंबील.

सुरमईची पेटी बर्फ भरून संध्याकाळी ५ वाजता ट्रान्सपोर्टला दिली, पावती घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी २ वाजता काकूंचा फोटो आला : पेटीत पाणी, मासळी मऊ पडलेली, “वास येतोय, घरात पाहुणे आलेत.” बोंबलाचं पोतं तर पोचलंच नाही. मालक समुद्रात होता. फोन मुलाकडे. मुलाने पाच मिनिटांत लिहिलं :

“काकू सॉरी, चूक आमचीच आहे. बर्फ कमी पडला असेल. काळजी करू नका, तुमचं सगळं नुकसान आम्ही भरून देतो.”

या निरोपात चार गोष्टी आहेत. त्या एकेक करून बघूया.

पहिली, “सॉरी”. ही दिलगिरी आहे. समोरच्याला त्रास झाला, त्याचं आपल्याला वाईट वाटतं, एवढाच तिचा अर्थ. ती लिहायलाच हवी.

दुसरी, “चूक आमचीच आहे”. हा निकाल आहे. आणि तो कधी दिला? पेटी कुठे किती वेळ पडून होती, हे अजून कोणालाच माहीत नसताना.

तिसरी, “बर्फ कमी पडला असेल”. हा अंदाज आहे. पेटी मुलाने भरलीच नव्हती, भरली खलाशांनी. पण लिहिणारा मालकाच्याच घरचा, म्हणून वाचणाऱ्याला हा अंदाज कबुलीसारखा दिसतो.

चौथी, “सगळं नुकसान भरून देतो”. हे वचन आहे, आणि त्याला हद्द नाही. ‘सगळं’ म्हणजे ८,००० रुपये, की ऐन वेळी बाहेरून मागवलेल्या जेवणाचा खर्चसुद्धा? लिहिणाऱ्याच्या मनात मासळीचे पैसे असतील. वाचणाऱ्याच्या मनात दुसरं काही असू शकतं.

दिलगिरी आणि घडलेली हकीगत लिहायला हरकत नाही. निकाल, अंदाज आणि बेहद्द वचन मात्र चौकशी झाल्याशिवाय लिहायचं नाही. सगळ्या लेखाचं सार एवढंच आहे. आता कारणं बघूया.

कायदा या ओळीकडे कसा बघतो

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. वादातल्या मुद्द्याबद्दल पक्षकाराने स्वतः केलेलं, त्याच्याच विरुद्ध जाणारं विधान म्हणजे ‘कबुली’, आणि ती पुरावा म्हणून वाचता येते. आपल्या वतीने बोलायचा अधिकार ज्याला दिलाय, त्याचं विधानही आपलंच धरलं जाऊ शकतं. म्हणून “ते तर पोराने लिहिलं होतं” हे उत्तर फारसं टिकत नाही. ऑर्डर घ्यायचं आणि पैसे मागायचं काम त्याच पोराकडे असेल, तर मुळीच टिकत नाही.

पण घाबरूनही जाऊ नका. त्याच कायद्यात, कलम २५ मध्ये, असंही आहे की कबुली म्हणजे शेवटचा पुरावा नव्हे. ती चुकून किंवा माहिती नसताना दिली, हे दाखवता येतं. फक्त ते दाखवण्याचा भार आपल्यावर येतो. जे आधी समोरच्याने सिद्ध करायचं होतं, ते नाही हे आता आपल्याला पटवून द्यावं लागतं. पाच मिनिटांत लिहिलेल्या ओळीची किंमत ही.

“फोनवरचा निरोप कोर्टात चालतो का?” असं बरेच जण विचारतात. चालतो, पण रीतसर दाखल करावा लागतो. यावरचा गाजलेला निकाल आपल्याच महाराष्ट्रातला आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून वाद झाला होता, उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही, त्याचं व्हिडिओ चित्रण पुराव्यात होतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की डिजिटल नोंदीची प्रत द्यायची तर सोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरणच हजर केलं तर ते लागत नाही. म्हणजे काकूंनी आपला फोनच समोर ठेवला तरी काम होऊ शकतं. आपण आपल्या बाजूने निरोप पुसून टाकला, तर त्यांच्याकडे घेतलेला स्क्रीनशॉट काही पुसला जात नाही. उलट पुसलं म्हणून संशयच वाढतो.

इंग्लंडमध्ये २००६ च्या एका कायद्याने ठरवलंय की नुसती माफी मागितली म्हणून निष्काळजीपणा कबूल केला असं होत नाही. हाँगकाँगने २०१७ मध्ये माफीसाठी वेगळा कायदाच केला. आपल्याकडे माफीला असं सर्वसाधारण संरक्षण देणारा कायदा नाही. म्हणून इथे शब्द आपले आपणच जपायचे.

मुळात जबाबदारी कुणाची, हेच ठरलेलं नसतं

“आमची चूक” हा निकाल घाईचा का, हे मालविक्री अधिनियम, १९३० वाचलं की कळतं. त्याचं कलम ३९ सांगतं की गिऱ्हाईकाकडे माल पाठवायचा म्हणून तो वाहतूकदाराच्या हवाली केला, की सर्वसाधारणपणे तो गिऱ्हाईकाला दिल्यासारखाच. पण त्याला अट आहे. मालाच्या जातीला साजेसा करार आपण वाहतूकदाराशी करायला हवा. ताज्या मासळीची पेटी साध्या मालाबरोबर, काही न सांगता, टाकून दिली असेल, तर गिऱ्हाईक म्हणू शकतो की मला माल दिलाच नाही.

आपण “घरपोच, आमच्या जोखमीवर” असं कबूल केलं असेल, तर गोष्ट बदलते. तरीही कलम ४० म्हणतं की वेगळं काही ठरलं नसेल, तर प्रवासात अपरिहार्यपणे होणारी नासाडी गिऱ्हाईकाने सोसायची. रात्रभराच्या प्रवासात बर्फ थोडा वितळणं, मासळीची झळाळी थोडी कमी होणं, हे त्यात बसेल. पेटी गोदामात सात तास उन्हात पडून राहणं त्यात बसणार नाही.

म्हणजे खरं उत्तर चार गोष्टींवर अवलंबून आहे : आपण काय कबूल केलं होतं, पेटी कशी भरली होती, ट्रान्सपोर्टला काय सांगितलं होतं आणि पेटी कुठे किती वेळ थांबली. दुपारी २ वाजता यातली एकही गोष्ट मुलाला माहीत नव्हती.

याच कारणाने उलटंही लिहू नका. “ट्रान्सपोर्टवाल्याची चूक, त्याला विचारा” हाही न तपासलेला निकालच. ट्रान्सपोर्ट आपणच निवडला असेल, तर गिऱ्हाईक लगेच विचारेल, मग असल्या माणसाकडे माल दिलाच का? शिवाय पेटीत खरंच बर्फ कमी निघाला, तर आपण दुसऱ्यावर ढकललं हेही त्याच फोनमध्ये लिहिलेलं सापडेल.

विमा आणि ट्रान्सपोर्टचा दावा इथे बुडतो

मालाच्या वाहतुकीचा विमा काढला असेल, तर पॉलिसी एकदा नीट वाचा. अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेलं नुकसान अशा पॉलिसीतून सहसा वगळलेलं असतं. उशिरामुळे झालेलं नुकसानही बहुतेकदा वगळतात, त्यामुळे ताज्या मासळीसाठी कोणतं कव्हर घेतलंय हे आधीच विचारून ठेवायला हवं. अशा वेळी “बर्फ कमी पडला असेल” हा आपलाच निरोप सर्वेक्षकाच्या हाती लागला, तर दावा नाकारायला त्याला आयतं कारण मिळतं. जबाबदारीचा विमा असेल, तर त्यात बहुधा अशीही अट असते की कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही.

ट्रान्सपोर्टवाल्याचंही तसंच. रस्त्याने माल पाठवला असेल, तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला द्यावी लागते. ती दिली नाही तर पुढे दावाच करता येत नाही. रेल्वेने पाठवला असेल तर मुदत सहा महिन्यांची. नोटीस वेळेत दिली, तरी ट्रान्सपोर्टवाला विचारणारच, “गिऱ्हाईकाला तुम्ही काय लिहिलंत ते दाखवा.” तिथे “चूक आमचीच” लिहिलेलं असेल, तर त्याच्याकडून मिळू शकणारे पैसे आपल्याच खिशातून जातात.

मग काकूंना काय लिहायचं

पहिला निरोप लवकर जाऊ द्या, तासाभरात. गप्प बसणं हा उपाय नव्हे. त्याने गिऱ्हाईकाचा राग वाढतो, आणि आपण दखलच घेतली नाही असं दिसतं. निरोप असा असावा :

“काकू, तुमचे फोटो मिळाले. कार्याच्या ऐन दिवशी मासळी अशी हाती आली, याचं आम्हाला फार वाईट वाटतंय. ती मासळी कृपया शिजवू नका, कोणाला देऊ नका. पेटी आम्ही काल संध्याकाळी ५ वाजता ट्रान्सपोर्टला दिली, त्याची पावती सोबत पाठवली आहे. पेटी तुमच्या हातात किती वाजता आली ते सांगाल का? पेटीवरच्या चिठ्ठीचा आणि आतून पेटीचा एकेक फोटो पाठवा. वाटेत काय झालं ते आम्ही विचारतोय. उद्या संध्याकाळी ६ पर्यंत तुम्हाला नक्की कळवतो.”

यात दिलगिरी आहे, मनापासून आहे. पण ती काकूंच्या त्रासाबद्दल आहे, कुणाच्या चुकीबद्दल नाही. ‘शिजवू नका’ हे सगळ्यात महत्त्वाचं. तब्येतीचा प्रश्न असेल तिथे शब्द जपत बसायचं नाही, सरळ सांगायचं. बाकी जे लिहिलंय ते पावतीवरून दाखवता येईल असंच आहे. ‘असेल’, ‘बहुतेक’, ‘वाटतं’ असा एकही शब्द नाही. आणि वचन दिलंय ते फक्त उद्या कळवण्याचं, जे आपल्या हातात आहे. ते मात्र पाळायचंच. उद्या ६ वाजता काहीच कळलं नसेल, तरी “अजून चौकशी चालू आहे, परवा सांगतो” एवढं लिहायचं.

तेवढ्या वेळात घरी एक काम करा. पेटी कोणी भरली, मासळी किती, बर्फ किती, झाकण कसं बंद केलं, ट्रान्सपोर्टला ‘नाशवंत माल’ सांगितलं का, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. लांबच्या प्रवासाला मासळीच्या वजनाइतका बर्फ हा साधा हिशोब आपण धरतो. तो पाळला होता का, हे आठवड्याने कोणाला आठवत नाही. पेटी बंद करण्याआधी एक फोटो काढायची सवय असेल, तर अर्धा वाद तिथेच मिटतो.

हरवलेल्या पोत्याचं

दुकानदाराला बहुतेकदा असं लिहिलं जातं : “शेठ, पोतं आमच्याकडून हरवलं, माफ करा.” पोतं आपल्याकडून हरवलंच नव्हतं, ते पावती घेऊन ट्रान्सपोर्टला दिलं होतं. मग लिहायचं ते असं : “शेठ, पोतं पोचलं नाही हे कळलं, तुमचा खोळंबा झाला याचं वाईट वाटतं. १५ किलोचं एक पोतं आम्ही काल ट्रान्सपोर्टला दिलं, बिल्टीचा फोटो सोबत आहे. हैदराबादच्या गोदामात उतरलं की नाही ते विचारलंय. परवा दुपारपर्यंत सांगतो.” ‘हरवलं’ हा शब्दही लगेच नको. पुष्कळदा पोतं दुसऱ्या गाडीत चढलेलं असतं आणि दोन दिवसांनी सापडतं.

काकू आणि दुकानदार यांच्यात एक फरक लक्षात ठेवा. काकूंनी घरच्यासाठी घेतलं, म्हणून त्या कायद्याने ‘ग्राहक’. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे त्या स्वतः राहतात तिथल्या, म्हणजे हैदराबादच्या जिल्हा आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतात. दापोलीला यायची त्यांना गरज नाही. उत्तर द्यायला धडपड आपल्याला करावी लागेल. दुकानदाराने पुन्हा विकण्यासाठी घेतलं, म्हणून तो या कायद्यात बसत नाही. त्याला दिवाणी कोर्टात जावं लागेल. शब्द दोघांनाही जपूनच लिहायचे, पण काकूंची वाट जास्त सोपी आहे.

पैसे द्यायचे असतील तर

चौकशीत काही ठरलं नाही, पण गिऱ्हाईक जुनं आहे, नातं जपायचंय, तर पैसे देता येतात. चूक कबूल न करताही देता येतात. फक्त तसं लिहून द्या :

“काकू, वाटेत नेमकं काय झालं ते अजून स्पष्ट झालेलं नाही. तरी आपला व्यवहार टिकावा म्हणून, कोणाची चूक ते न ठरवता, आणि आमचे हक्क राखून, मासळीचे ८,००० रुपये आम्ही परत करायला तयार आहोत. या ऑर्डरबद्दलची तक्रार त्यात मिटली असं तुम्हाला मान्य असेल तर ‘मान्य’ एवढं लिहा, पैसे आजच पाठवतो.”

इथे रकमेला हद्द आली, कारण लिहिलं गेलं, आणि ‘मान्य’ आल्यावर प्रकरण मिटल्याची खूण राहिली. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २१ मध्ये दिवाणी वादासाठी तरतूद आहे : हे बोलणं पुरावा म्हणून वापरायचं नाही अशा स्पष्ट अटीवर, किंवा दोघांचं तसं ठरलंय असं दिसेल अशा परिस्थितीत जे बोललं गेलं, ती कबुली म्हणून वाचली जात नाही. पण ‘हक्क राखून’ हा काही मंत्र नव्हे. आधी “चूक आमचीच” लिहून खाली हे दोन शब्द जोडले, तर त्याने फार काही वाचत नाही. तडजोडीचं बोलणं खरंच चालू असेल, तिथेच त्याचा उपयोग. पैसे देण्याआधी विमा कंपनीला आणि ट्रान्सपोर्टला लेखी कळवून ठेवा, नाहीतर त्यांच्याकडची वाट बंद होऊ शकते.

आणि चूक खरंच आपली निघाली तर?

तर ती लपवायची नाही. चौकशीत कळलं की खलाशाने १० किलोला ४ किलोच बर्फ टाकला होता, तर “आम्ही पुरेसा बर्फ टाकला होता” असं लिहिणं म्हणजे खोटं बोलणं. ते उघड झालं की आपल्या पुढच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवत नाही. अशा वेळी विमा असेल तर आधी कंपनीला कळवा, मग गिऱ्हाईकाला जे कळलं तेवढंच, नेमकं लिहा : “तपासलं तेव्हा कळलं की या पेटीत बर्फ ठरल्यापेक्षा कमी होता. मासळीचे ८,००० रुपये आज परत करतोय.” सरळ कबुली, ठरलेली रक्कम. ‘आमचं नेहमीच असं होतं’, ‘ट्रान्सपोर्टचंही काही खरं नाही’ असलं पुढे काही जोडायचं नाही.

घरात ज्याच्या हाती फोन असतो, त्या मुलाला, मुलीला, सुनेला वरचा पहिला निरोप आजच पाठवून ठेवा, म्हणजे वेळेला शोधायला नको. आणि समोरून वकिलाची नोटीस आली, तर त्याला व्हॉट्सअॅपवर एका शब्दानेही उत्तर देऊ नका. नोटीस, बिल्टी, फोटो आणि सगळे निरोप घेऊन वकिलाकडे जा, किंवा आधी संस्थेच्या कार्यालयात या.